काका, वाढदिवसाच्या मनापासून शुभेच्छा

काका, नमस्कार.

आज तुमचा वाढदिवस. मागच्या वर्षी तुमच्या ड्रायव्हिंग लायसन्सच्या नूतनीकरणाचा फॉर्म भरताना तारीख कळली, तीही वाढदिवस होऊन गेल्यावर. यंदा लक्षात ठेवली होती. तुमची तब्येत चांगली राहो, गुडघ्याचं दुखणं कमी होवो आणि लेकीचा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाचा निकाल मनासारखा लागो.

समोर बोलायला गेलं की "अहो ताई, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय संपवता, म्हणून लिहितेय.

बाबांचं डायलिसिस सुरू होऊन आता दोन वर्षं होतील. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. फिस्टुला डाव्या हाताला आहे, त्या हातावर जोर पडता कामा नये, हे तुम्ही एकदाच ऐकलंत. तेव्हापासून कितीही घाई असली तरी तुमचा आधार उजव्या बाजूनेच असतो. परत येताना बाबांचं बीपी उतरलेलं असतं. तुम्ही गाडीचं दार उघडता, पण त्यांना लगेच उठू देत नाही. आधी पाय बाहेर, मग दोन मिनिटं तसंच बसायचं, मग सावकाश उभं राहायचं. आमच्यापैकी कोणीच हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुम्ही स्वतः तिथल्या सिस्टरना विचारून घेतलंत, हे मला फार उशिरा बाबांकडून कळलं. त्यांना जराही अवघडू न देता हात कसा धरायचा, हे मी अजून तुमचं बघून शिकतेय.

एक गोष्ट मात्र मनात राहून गेली आहे. पावसाळ्यात एकदा तुम्हाला उशीर झाला, तेव्हा मी फोनवर आवाज चढवला होता. रस्ता बंद असल्यामुळे तुम्ही लांबचा वळसा घालून येत होतात, आणि मी विचारलंसुद्धा नाही. चूक माझी होती. माफ करा.

"तुम्ही आमच्या घरातलेच" असं मी लिहीत नाही. तुमचं स्वतःचं घर आहे, तिथे वाट बघणारी माणसं आहेत. आजचा दिवस त्यांच्याबरोबर घालवा. ही सुट्टी भरपगारी आहे. आजची फेरी दादा करेल, त्याला उजव्या बाजूचं नीट सांगितलं आहे. आणि पुढच्या महिन्यापासून दर रविवार पूर्ण तुमचा. अडचण आली तर आमची आम्ही सोय करू, तुम्हाला फोन येणार नाही. हे खरं तर आधीच ठरवायला हवं होतं.

बाबांचा एक निरोप आहे. विहिरीची गोष्ट परवा अर्धीच राहिली, ती गुरुवारी जाताना पूर्ण करायची आहे म्हणे.

ताई आणि घरचे सगळे