ईराच्या जुलाबांबद्दल: आज रात्री आणि पुढचे काही दिवस

पल्लवी, दवाखान्यात ईरा रडत होती आणि तुझं अर्धं लक्ष तिच्याकडे होतं, म्हणून सगळं लिहून पाठवतोय. नीलेशला आणि तुझ्या सासूबाईंनाही वाचून दाखव.

सकाळपासून सात जुलाब झाले, तरी तिच्या अंगातलं पाणी अजून फारसं कमी झालेलं नाही. रडताना डोळ्यांत पाणी येत होतं, जीभ ओली होती, दुपारी लघवीही झाली होती. सध्या सलाईनची गरज नाही. ती लागू नये, यासाठीच हे सगळं.

मुख्य औषध ओआरएस. नीलेशने आणलेलं खोक्यातलं गोड फळांच्या चवीचं पेय तिला देऊ नका. त्यात साखर जास्त असते आणि जास्त साखरेने जुलाब वाढतात. मी लिहून दिलेल्या पाकिटावर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला असं छापलेलं असेल. हे मोठं पाकीट आहे, म्हणजे पूर्ण एक लिटर पाण्यात पूर्ण पाकीट. 'थोडं थोडं करू' म्हणून अर्धं पाकीट ग्लासात घालायचं नाही. ते दाट झालं तर मीठ जास्त होतं, आणि लहान बाळाला ते धोक्याचं आहे. पाणी आधी उकळून गार कर, मग पावडर मिसळ. मिसळल्यावर उकळू नकोस. वरून साखर, मीठ, दूध, रस काही घालू नकोस. चोवीस तासांनी उरलेलं ओतून दे आणि नवं कर.

प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली. मापासाठी तिच्या बाटलीवरच्या खुणा बघ, पण पाजायचं चमच्यानेच, दर मिनिट-दोन मिनिटांनी एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांब आणि पुन्हा सुरू कर, आणखी हळू. ओआरएसने जुलाब लगेच थांबणार नाहीत, त्यामुळे 'गुण नाही' म्हणून सोडू नकोस. त्यातलं ग्लुकोज आतड्यातून आत शिरताना मीठ सोबत नेतं आणि मिठामागे पाणी जातं. म्हणून जुलाब चालू असतानाही पाणी अंगी लागतं. साधारण तीन ते सात दिवसांत जुलाब आपोआप थांबतात.

झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, चमचाभर पाण्यात विरघळवून, पूर्ण १४ दिवस. चौथ्या दिवशी बाळ हसायला लागलं की सगळे ही गोळी विसरतात. तू विसरू नकोस. गोळी दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर पुन्हा एक दे.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. दूध बंद करायचं नाही. अंगावर पाजणं चालूच ठेव, उलट जास्त वेळा पाज. मऊ भात, तूप घातलेली मुगाची खिचडी, केळं, दही, जे खाईल ते थोडं थोडं. उपाशी ठेवलं की मूल अजून खंगतं. आणि हे जुलाब दातांमुळे नाहीत, बहुधा विषाणूचे आहेत. दात त्याच वयात येतात, एवढाच योगायोग. शहाळ्याचं पाणी चाललं तरी ते ओआरएसच्या जागी नाही, त्यात सोडियम फार कमी असतं.

जुलाब थांबवायची मोठ्यांची गोळी घरात असेल, ती तिला अजिबात द्यायची नाही. मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिकही नाही. रक्त पडत नसताना त्याचा सहसा उपयोग नसतो, त्रास मात्र होऊ शकतो. ताप आला तर पॅरासिटामॉल, चिठ्ठीवर लिहिलंय तेवढंच, दोन डोसांत किमान सहा तास.

आता हे नीट वाच. शीमध्ये रक्त दिसलं, प्यायलेलं सगळं उलटून पडतंय, ती पीतच नाहीये, डोळे खोल गेलेत, सहा तास लघवी नाही, झोपाळलेली आहे आणि हलवूनही नीट जागी होत नाही, किंवा पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू जागेवर जाते, यातलं एकही दिसलं तर रात्र असो की पहाट, थेट मुलांची सोय असलेल्या रुग्णालयात ने. माझ्या फोनची वाट बघू नकोस. गाडी नसेल तर १०८ लाव. बाळ पिऊ शकत असेल तर वाटेत चमच्याने ओआरएस चालू ठेव. झोपाळलेलं असेल तर मात्र तोंडात काही घालू नकोस, ठसका लागेल.

लंगोट बदलल्यावर आणि तिला भरवण्याआधी साबणाने हात धुवा, सगळ्यांनी. आजोबांनीसुद्धा.

यातलं काही दिसलं नाही तरी उद्या संध्याकाळी तिला घेऊन ये, वजन पुन्हा करायचंय. साडेपाचला ये, नंबर लावू नकोस, कंपाउंडरला सांगून ठेवलंय. येताना रात्रभरातल्या शी आणि लघव्या कागदावर लिहून आण. आणि तूही जेव. अंगावर पाजतेस, तुलाही पाणी जास्त लागतं.