इतिहासाच्या सारांशपत्रकांविषयी पालकांना पत्र

दि. १२ सप्टेंबर २०२५
इयत्ता आठवी (ब)

सर्व पालकांस,
सप्रेम नमस्कार.

प्रथम सत्र परीक्षा सोमवार, दि. ६ ऑक्टोबरपासून सुरू होत असून इतिहासाचा पेपर गुरुवार, दि. ९ ऑक्टोबर रोजी आहे. या पेपरसाठी नेमलेल्या सहा पाठांची उजळणी यंदा सारांशपत्रकांच्या साहाय्याने घेणार आहोत. मंगळवार, दि. १६ सप्टेंबरपासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी एक, याप्रमाणे दि. ३ ऑक्टोबरपर्यंत सहाही पत्रके मुलांच्या हाती पडतील.

पत्रक म्हणजे तयार नोट्स नव्हेत. प्रत्येक पत्रकावर मधोमध उभी रेघ आहे. रेघेच्या डावीकडे पाठातील घटना, सनावळी आणि संज्ञा छापलेल्या आहेत, तर उजवी बाजू कोरी ठेवली आहे. उदाहरणार्थ, बंगालमधील इंग्रजी सत्तेविषयीच्या पत्रकावर डावीकडे ‘१७६५ : दिवाणी अधिकार’ एवढेच लिहिलेले असेल. दिवाणी म्हणजे महसूल गोळा करण्याचा अधिकार, तो कंपनीला कोणाकडून मिळाला, १७६४ च्या बक्सारच्या लढाईशी त्याचा काय संबंध आणि या महसुलामुळे कंपनीच्या व्यापाराला काय फायदा झाला, हे विद्यार्थ्याने उजवीकडे स्वतःच्या शब्दांत लिहायचे आहे. तैनाती फौजेसमोर १७९८ हे साल आणि लॉर्ड वेलस्लीचे नाव छापलेले असेल. परंतु फौजेचा खर्च कोणी सोसायचा आणि त्यापायी संस्थानिकांचे स्वातंत्र्य कसे गेले, हे मुलांनी सांगायचे आहे. घटकचाचणीत बहुतेकांनी सनावळी अचूक लिहिली होती. ‘कारणे लिहा’ या प्रश्नात मात्र एका ओळीवर उत्तर संपवलेले आढळले, आणि गुण प्रामुख्याने तेथेच गेले. म्हणूनच पत्रकात कोऱ्या जागेला एवढे महत्त्व दिले आहे.

ज्या दिवशी पत्रक मिळेल त्याच्या आदल्या दिवशी मुलांनी तो पाठ पुस्तकातून एकदा सलग वाचून यावा. वर्गात पुस्तक मिटून वीस मिनिटांत उजवी बाजू भरायची आहे. त्यानंतर पुस्तक उघडून राहिलेले मुद्दे लाल पेनाने लिहायचे आहेत. पत्रकावर लाल शाई पुष्कळ दिसली तर कृपया रागावू नये, कारण परीक्षेपूर्वी नेमके काय पुन्हा वाचायचे हे त्या लाल ओळींवरूनच कळते. या पत्रकांना गुण नाहीत. ती मी तपासून दुसऱ्याच दिवशी परत देईन.

घरी आपली मदत हवी आहे ती एवढीच, की पत्रक परत मिळाल्यानंतर दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत आणि मग ते उभ्या रेघेवर दुमडून डावीकडचा एकेक मुद्दा पाल्याला विचारावा. त्यासाठी आपल्याला इतिहास पाठ असण्याची गरज नाही. उत्तर दुमडलेल्या बाजूवर आहेच. मूल अडले तर लगेच उत्तर न सांगता त्याला थोडा वेळ द्यावा, आणि तरीही आठवले नाही तर त्या मुद्द्यासमोर फुली करून पुस्तकातील तेवढा परिच्छेद वाचायला सांगावे. मराठीतून विचारणे आपल्याला शक्य नसेल, तर घरी जी भाषा बोलता त्या भाषेत विचारले तरी चालेल. एका पत्रकाला पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागू नये. नवरात्रात घरोघरी गडबड असते, त्यामुळे एखादा दिवस पुढे-मागे झाला तरी हरकत नाही.

एक विनंती मात्र आग्रहाने करते. कोरी बाजू आपण भरून देऊ नये, शिकवणीत किंवा गाइडमध्ये मिळणारी उत्तरे तिच्यात उतरवू देऊ नयेत आणि भरलेल्या पत्रकाचा फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. हेतू चांगलाच असतो, हे मी जाणते. पण दुसऱ्याचे पत्रक समोर आले की मुले आठवण्याचे सोडून उतरवू लागतात. जो विद्यार्थी गैरहजर असेल त्याला कोरे पत्रक मी शाळेत आल्यावर देईन आणि मधल्या सुट्टीत ते भरून घेईन.

पत्रकात पाठातील सर्व मजकूर मावलेला नाही. नकाशे, चित्रांखालील माहिती आणि स्वाध्याय पुस्तकातूनच करावे लागतील, कारण त्यांवरही प्रश्न असतील. ज्या मुलांना लिहायला वेळ लागतो किंवा वाचताना अडचण येते, त्यांनी उजव्या बाजूला पूर्ण वाक्यांऐवजी मोजके शब्द लिहून उरलेले उत्तर मला तोंडी सांगितले तरी चालेल. अशी सोय आपल्या पाल्याला हवी असल्यास सोमवारपर्यंत रोजनिशीत कळवावे.

सहाही पत्रके क्रमाने एका फाइलमध्ये लावून दि. ८ ऑक्टोबरपर्यंत पाल्याजवळच ठेवावीत. याबाबत काही विचारायचे असल्यास मी शनिवारी शाळा सुटल्यानंतर अर्धा तास शिक्षक कक्षात भेटेन. हे पत्र वाचल्याची सही पाल्याच्या रोजनिशीत करून मंगळवारी पाठवावी.

आपली,
वर्गशिक्षिका व इतिहास विषय शिक्षिका
इयत्ता आठवी (ब)