दिवाळीच्या शिलाईचं नियोजन (पंचवटीचं दुकान, २२ सप्टेंबर २०२५)

मास्तर, मशीनवरचे तिघे आणि हातशिलाईच्या मावशी, सगळ्यांसाठी. आज घटस्थापना. वसुबारस १७ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन २१ ला. गेल्या दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या दुपारी अकरा जणी दुकानात उभ्या होत्या आणि त्यांचे ब्लाउज अजून मशीनवर होते. त्यातल्या एका ताईंनी जुनाच ब्लाउज घालून पूजा केली. ती चूक तुमची नव्हती, माझी होती. मी नग मोजून ऑर्डर घेत गेले, तास मोजलेच नाहीत. या वर्षी तास मोजायचे.

हाती असलेले दिवस: उद्यापासून १६ ऑक्टोबरपर्यंत २४. त्यातून २८ सप्टेंबर आणि ५ ऑक्टोबरचे रविवार आणि २ तारखेचा दसरा वजा. १२ ऑक्टोबरच्या रविवारी दुकान चालू राहील, त्या दिवसाचा वेगळा पगार देईन. राहिले २१ दिवस. १७ तारखेपासून फक्त अल्टर आणि डिलिव्हरी.

दुकानात नऊ तास असलो तरी मशीन खरोखर सात तासच चालतं. बॉबिन भरणं, धागा जुळवणं, उसवणं, चहा, वीज जाणं, सगळं धरून. तीन मशीन, सात तास, २१ दिवस: ४४१ तास. दहा टक्के अल्टरसाठी बाजूला ठेवले की ३९७. मास्तरांचं कटिंग दिवसाला साडेचार तासच होतं, कारण मापंही तेच घेतात, म्हणजे ९४.५ तास. मावशींची हुक, काज, हेम आणि इस्त्री दिवसाला सहा तास, म्हणजे १२६.

एका नगाला लागणारा वेळ गेल्या आठवड्यात मी घड्याळ लावून लिहिला आहे:

| नग | मशीन | कटिंग | हातकाम |
|---|---|---|---|
| अस्तराचा ब्लाउज | २ तास | ३० मि. | ३० मि. |
| पैठणीचा, पायपिंगसह | साडेतीन तास | ४५ मि. | १ तास |
| पंजाबी ड्रेस | अडीच तास | ४० मि. | ३० मि. |
| परकर-पोलकं | २ तास | ३० मि. | ३० मि. |

वहीत आजपर्यंत ४० अस्तराचे, १२ पैठणीचे, २४ ड्रेस आणि १० परकर-पोलकी आहेत. त्यांना मशीनचे २०२, कटिंगचे ५० आणि हातकामाचे ४९ तास लागतील. मशीनचे उरले १९५, म्हणजे अस्तराचे ९७ ब्लाउज. पण कटिंगचे उरले ४४.५ तास, त्यात ८९ च बसतात. आपण नेहमी कारागीर कमी पडतात म्हणतो, खरं तर काम कात्रीपाशी अडतं. म्हणून उद्यापासून मापं मी घेणार. सकाळी दहा ते एक मास्तरांना कुणी हाक मारायची नाही, गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो. त्यानं कटिंग दिवसाला साडेपाच तास होईल आणि ८९ ची अट सुटेल. मग मर्यादा १९५ तासांचीच राहील.

गेल्या वर्षीच्या वहीवरून या दिवसांत रोज साधारण २० तासांचं काम येतं. १९५ तास दहा दिवसांत भरतात, म्हणून नवीन ऑर्डर शनिवार, ४ ऑक्टोबर, रात्री आठपर्यंत. तास त्याआधी संपले तर त्याच दिवशी बंद. पैठणीचं काम ३० सप्टेंबरपर्यंतच. ते ट्रायलशिवाय देणार नाही, आणि काठाचं कापड चुकीचं कापलं तर दुसरं कुठून आणणार?

बुधवारच्या बाजाराला गोदाकाठी येणाऱ्या बायका कापडाची पिशवी आपल्याकडेच टाकून जातात. २४ सप्टेंबरला त्या येतील तेव्हा प्रत्येकीला सांगा: "१ तारखेचा बुधवार शेवटचा." सातपूर-अंबडच्या घरांतून बोनस झाल्यावर, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, कापड येतं. त्यांना नाही म्हणताना मलाही वाईट वाटेल. फॉल-पिको घ्या, त्याचं मशीन वेगळं आहे. शिलाईला तुळशीच्या लग्नानंतरची तारीख द्या. "बघू, होईल" हे शब्द या महिन्यात कुणी वापरायचे नाहीत, मीही नाही.

पावतीवर रकमेशेजारी मशीनचे तास लिहायचे. रोज रात्री तेवढे फळ्यावरच्या आकड्यातून वजा करायचे. आकडा शून्यावर आला की वही बंद.

शनिवारी, २७ तारखेला, पाच दिवसांचं काम मोजू. रोज १८.९ तासांप्रमाणे ९४ व्हायला हवेत. ८५ पेक्षा कमी भरले तर शेवटची तारीख ३ ऑक्टोबर करू, मग कुणी आजारी असो की ओव्हरलॉक बिघडलेलं असो. रात्री जागून भरून काढायचं नाही. दमलेल्या हातानं शिवलेली बाही दोनदा उसवावी लागते.

उद्या सकाळी फळ्यावर १९५ लिहून दुकान उघडेन.