भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याबाबत आयकर नोटिशीला उत्तर

दि. 19 सप्टेंबर 2025

प्रति,
मा. कर निर्धारण अधिकारी, आयकर विभाग

विषय: कर निर्धारण वर्ष 2024-25, कलम 142(1) ची दि. 8 सप्टेंबर 2025 ची नोटीस

महोदय,

मी मौजे पिंपळगाव, ता. निलंगा, जि. लातूर येथील शेतकरी. माझी 1 हेक्टर 20 आर जमीन साठवण तलावासाठी 1894 च्या भूसंपादन कायद्याखाली गेली. ताबा 10 ऑक्टोबर 2008 रोजी घेतला. निवाड्याचा भाव कमी वाटल्याने कलम 18 खाली दावा केला. त्याचा वाढीव मोबदला 10 ऑक्टोबर 2023 रोजी न्यायालयात जमा झाला आणि नोव्हेंबरमध्ये माझ्या हाती आला.

शेती केल्याचा दोन वर्षांचा पुरावा आपण मागितला आहे. ती अट कलम 10(37) ची, म्हणजे शहरी हद्दीतल्या शेतजमिनीची. माझे शिवार निलंगा नगरपरिषदेच्या हद्दीपासून हवाई अंतराने 14 किलोमीटरवर आहे. तेथील लोकसंख्या एक लाखाच्या आत असल्याने मर्यादा 2 किलोमीटरची आहे. म्हणून कलम 2(14)(iii) प्रमाणे ही जमीन भांडवली मालमत्ताच नाही आणि भांडवली नफ्याचा प्रश्न येत नाही. तरीही 2006 ते 2008 चे सातबारे जोडले आहेत. पीकपाहणीत सोयाबीन आणि तूर आहे.

आता व्याजाचे. हिशोब असा: वाढीव भाव 6,20,000, त्यावर 30 टक्के दिलासा रक्कम 1,86,000 आणि 12 टक्क्यांनी दोन वर्षांचा घटक 1,48,800, एकूण 9,54,800 रुपये. त्यावर कलम 28 चे व्याज, पहिले वर्ष 9 टक्के आणि पुढची चौदा वर्षे 15 टक्के, 20,91,012 रुपये. त्यातून 2,09,101 रुपये टीडीएस कापला गेला.

हे व्याज कलम 34 चे नाही. न्यायालयाने भाव वाढवला म्हणूनच ते मिळाले. ते मोबदल्याचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने घनश्याम (एचयूएफ) प्रकरणात 2009 मध्ये म्हटले आहे. त्याच आधारे मी विवरणपत्रात ही रक्कम करमुक्त दाखवली, लपवली नाही. पंधरा वर्षे जमीन गेली आणि पैसाही नव्हता. त्या वाट पाहण्याची ही भरपाई आहे, बँकेतल्या ठेवीची कमाई नव्हे.

2010 पासून लागू कलम 56(2)(viii) मुळे व्याज करपात्रच आहे, असे आपले मत झाल्यास कलम 57(iv) ची 50 टक्के वजावट द्यावी. मग 10,45,506 रुपयेच करपात्र ठरतील. नोटिशीत पूर्ण 20,91,012 धरले आहेत, ते कोणत्याही अर्थाने बरोबर नाही. टीडीएस देयकरात वळता करावा. रक्कम उघड दाखवलेली असल्याने दंडाची कारवाई करू नये.

विरुद्ध निर्णय घेण्याआधी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने सुनावणी द्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
ज्ञानोबा विठोबा सूर्यवंशी

सोबत: निवाडा, न्यायालयाचा हुकूमनामा, व्याजाचा तक्ता, सातबारे, अंतराचा दाखला, बँक पासबुक, फॉर्म 26एएस