झुळूक: चार गाड्या, चार नावं (नामकरणाचा प्रस्ताव)

प्रति: उत्पादन आणि विपणन गट, चाकण
विषय: ‘झुळूक’ मालिकेतल्या चार इलेक्ट्रिक दुचाकींची उपनावं, त्यांचा वापर आणि सोबतचा मजकूर

मागच्या बैठकीत ‘लाइट, प्लस, प्रो, मॅक्स’ ही यादी जवळपास पक्की झाली होती. ती मोडा, अशी विनंती करायला हे टिपण लिहिलं आहे. पर्यायी नावं पुढे दिली आहेतच, पण आधी कारण सांगतो.

शोरूममध्ये येणारा माणूस दोन प्रश्न विचारतो. पहिला, ‘एका चार्जला जाते किती?’ दुसरा, ‘पळते किती?’ पेट्रोलच्या गाडीत या दोन्हींची उत्तरं एकमेकांत फारशी अडकत नव्हती, कारण टाकी संपली तर पुढच्या चौकात पंप होता. इलेक्ट्रिकमध्ये ती अडकतात. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६० ऐवजी ८० ने चाललात तर हा विरोध पावणेदोन पटींच्या वर जातो, आणि बॅटरी तेवढीच असेल तर अंतर कमी होणारच. म्हणजे आपली सगळ्यात महाग गाडी सगळ्यात वेगवान आहे, पण तो वेग वापरला तर ती सगळ्यात लांब जाणारी उरत नाही.

‘प्रो’ आणि ‘मॅक्स’ हे शब्द याच्या उलट सांगतात. त्यांची शिडी असते, आणि वरच्या पायरीवर सगळंच जास्त मिळतं असं गिऱ्हाईक गृहीत धरतं. मग ‘मॅक्स’ घेतलेला माणूस ८० ने गाडी हाणतो आणि पुढच्या आठवड्यात सर्व्हिस सेंटरवर येऊन विचारतो, की शेजाऱ्याची ‘प्रो’ माझ्यापेक्षा लांब कशी जाते? त्याला काय उत्तर देणार?

म्हणून प्रस्ताव असा: दोन प्रश्नांना नावात दोन जागा ठेवू. ‘झुळूक’नंतरचा पहिला शब्द अंतर सांगेल. वेगवान मोटर असेल तरच त्यापुढे दुसरा शब्द येईल. तो आला नाही तर गाडी शहरी वेगाची आहे, असं समजायचं.

नावं

झुळूक पेठ. १.३ किलोवॅट-तास बॅटरी, २५० वॅट मोटर, कमाल वेग ताशी २५ किमी. एका चार्जला साधारण ५० किमी.

झुळूक शहर. २.३ किलोवॅट-तास, कमाल वेग ६०. रोजच्या वापरात सुमारे ७५ किमी.

झुळूक मजल. ३.७ किलोवॅट-तास, मोटर ‘शहर’चीच, कमाल वेग ६०. रोजच्या वापरात सुमारे ११५ किमी.

झुळूक मजल झेप. बॅटरी ‘मजल’चीच, मोटर मोठी, कमाल वेग ८५. निवांत चालवली तर ‘मजल’इतकीच जाते, पळवली तर ९०च्या आसपास.

चौथ्या नावाकडे नीट पाहावं. त्यात ‘मजल’ तशीच आहे, तिच्यावर फक्त ‘झेप’ चढली आहे. बॅटरी तीच आणि मोटर वेगळी, हे नावावरूनच कळतं. उद्या ‘शहर’ला मोठी मोटर बसवली तर नवं नाव शोधत बसावं लागणार नाही, ती ‘शहर झेप’ होईल. ‘पेठ’ला मात्र ‘झेप’ कधीच लावायची नाही, अगदी रंगाच्या किंवा ऑफरच्या नावातसुद्धा नाही. ती २५० वॅट आणि ताशी २५ किमीच्या मर्यादेत आहे, म्हणूनच तिला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. तिच्या नावात वेगाचा वास आला की एखाद्या विक्रेत्याला वायर बदलून ती पळवून दाखवण्याची हुक्की येते.

आकडे का नकोत

‘झुळूक ७५’ आणि ‘झुळूक ११५’ असं सरळ लिहावं, ही सूचना इंजिनिअरिंगकडून आली होती. सूचना प्रामाणिक आहे, पण धोक्याची आहे. प्रमाणपत्रावरचा आयडीसी आकडा ठरावीक चाचणीतून येतो. कोथरूडच्या टेकडीवर एआरएआयमध्ये मोजलेलं अंतर आणि चांदणी चौकाच्या चढावर डबलसीट मोजलेलं अंतर यांत फरक पडणारच. शिवाय बॅटरी वर्षागणिक थोडी थोडी उतरते. पॅनेलवरचा आकडा उतरत नाही. पाचव्या वर्षी तो गिऱ्हाइकाकडे रोज बघत राहील आणि कधीतरी ग्राहक आयोगातही हजर होईल. आकडा माहितीपत्रकात, अटींसकट असावा. नावात तो वचन होऊन बसतो.

बॅटरीची क्षमता नावात घालायचा मार्ग इतरांनी घेतला आहेच. चेतकच्या ३५०१, ३५०२ या क्रमांकांत साडेतीन किलोवॅट-तास दडलेले आहेत, आणि आयक्यूबच्या व्हेरिएंटमध्ये तर ते उघडच लिहिलेले असतात. चुकीचं त्यात काही नाही. फक्त किलोवॅट-तास ऐकून डोळ्यांसमोर रस्ता येत नाही, तो विक्रेत्याला समजावून सांगावा लागतो. आपल्याकडे जाहिरातीचा पैसा कमी आहे, तेव्हा समजावण्याचं काम नावानेच केलेलं बरं.

जी नावं गळली

घोड्याच्या चालींची एक मालिका मला स्वतःला फार आवडली होती: दुडकी, भरधाव, चौखूर. वेग त्यात झकास बसतो. पण घोडा आकुर्डीत १९७२पासून बांधलेला आहे. चेतकच्या गावात बसून आपण घोड्यांची नावं ठेवली तर लोक आपल्याला त्याचं शिंगरू म्हणतील. शिवाय चालींतून अंतर काही कळत नाही.

‘पल्ला’ हा शब्द अर्थाने अचूक होता, ‘लांब पल्ल्याची गाडी’ असं आपण म्हणतोच. पण पहिल्या तक्रारीला ‘कंपनीने पल्ला झाडला’ हा मथळा तयार मिळतो. पुण्यात तो कोणी सोडणार नाही.

‘वेस’ म्हणजे गावाच्या हद्दीपर्यंत जाणारी. दोन दिवस हे नाव यादीत पहिलं होतं. रोमन लिपीत लिहिलं तेव्हा लक्षात आलं की ते व्हेस्पाची पहिली तीन अक्षरं घेऊन उभं राहतं, आणि व्हेस्पा बारामतीला तयार होते. वकिलांना काम देण्यापेक्षा नाव सोडलेलं स्वस्त पडलं.

‘फेरी’ला फेरीवाला चिकटला. ‘हद्द’चं काय होईल ते सांगायला नको.

‘मजल’वरही एक आक्षेप येईल: ‘यांची इथपर्यंत मजल गेली!’ हा टोमणा मला चालेल. जेजुरीच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या गाडीच्या फोटोखाली आपणच तो लिहावा, असा माझा आग्रह आहे.

‘पेठ’ पुण्यापुरती वाटेल, ही विक्री विभागाची शंका मला पटलेली नाही. कोल्हापुरात शुक्रवार पेठ आहे, सोलापुरात मंगळवार पेठ आहे, साताऱ्यातही पेठा आहेत. पायी जायला लांब आणि रिक्षाला जवळ, एवढं अंतर या शब्दात सगळीकडे आहे. आणि ही गाडी घेणारे बहुधा साठीच्या पुढचे किंवा कॉलेजात नुकते गेलेले असतील. त्यांच्या गाडीवर ‘लाइट’ लिहून ती कमी प्रतीची ठरवण्यापेक्षा पेठेतली म्हणवून घेणं त्यांना आवडेल.

माहितीपत्रकातला मजकूर

पेठ: ‘मंडई, बँक, देवळात जाऊन घरी. लायसन्स नको, घाई नको. साध्या प्लगवर चार्ज होते.’

शहर: ‘हडपसरहून हिंजवडीला जा, संध्याकाळी परत या, वाटेत भाजीही घ्या. चार्जर घरीच राहू द्या.’

मजल: ‘दिवे घाट चढून जेजुरी, आणि त्याच दिवशी घरी. वेग शहराचा, दम लांबचा.’

मजल झेप: ‘कात्रजचा चढ असो की मोकळा बायपास, मागे राहणार नाही. जोरात पळवाल तेव्हा अंतर कमी होईल, ते किती हे स्क्रीनवर आधीच दिसेल.’

शेवटच्या मजकुरातलं दुसरं वाक्य विपणन गट कापायला बघेल. कृपया कापू नये. ‘झेप’वाल्याने जेजुरीपर्यंत ८० ने गाडी नेली, तर परतीच्या वाटेवर सासवडला त्याला सॉकेट शोधावं लागेल. ते त्याला विकत घेण्याआधी आपण सांगायचं की त्याने सासवडमधून फोन करून आपल्याला, एवढंच ठरवायचं आहे.

विक्रेत्यासाठी

पहिला प्रश्न नावाचा नसावा, रस्त्याचा असावा: ‘रोज कुठून कुठे जाता?’ उत्तर आल्यावर पेठ, शहर की मजल ते ठरतं. त्यानंतरच विचारायचं, ‘वाटेत हायवे किंवा घाट आहे का?’ ‘हो’ म्हटलं तर झेप दाखवायची. ‘नाही’ म्हणणाऱ्याला झेप गळ्यात मारू नये. त्याच्यासाठी ‘मजल’ स्वस्तही आहे आणि बरीही. ‘टॉप मॉडेल कोणतं?’ असं कोणी विचारलंच, तर उत्तर हे: ‘लांब जायला मजल, जोरात जायला मजल झेप.’

लिहिण्याचे नियम

मागच्या पॅनेलवर ‘झुळूक’ मोठ्या अक्षरांत आणि उपनाव त्याखाली त्याच्या निम्म्या उंचीत. ‘झेप’ हा शब्द वेगळ्या रंगात, चारही गाड्यांत फक्त तिथेच. नोंदणीच्या कागदांत आणि अॅपच्या इंग्रजी पडद्यावर JHULUK SHAHAR, JHULUK MAJAL, JHULUK MAJAL JHEP हेच स्पेलिंग राहील. झुळूकचा उच्चार बघता Z जवळचा वाटतो, पण Zuluk नावाचं गाव सिक्कीममध्ये आहे आणि शोधणाऱ्याला आधी तिथले डोंगर दिसतील. ‘पेठ’ला नोंदणी नाही, म्हणून ती फक्त अॅपमध्ये, JHULUK PETH अशी.

ट्रेडमार्कबद्दल: १९९९च्या कायद्याचं कलम ९ वस्तूचं नुसतं वर्णन करणाऱ्या शब्दांना आडवं येतं. ‘शहर’ आपल्या एकट्याचा होईल, ही आशा धरू नये. वाहनांच्या वर्ग १२ मध्ये ‘झुळूक’ आणि ‘झुळूक मजल’ यांचे अर्ज करावेत, ‘झेप’चा शोध आधी घ्यावा. तिथे काही अडलं तर ‘उसळी’ हा राखीव शब्द आहे, पण मिसळीच्या शहरात तो वापरायची वेळ न आलेली बरी.

मोल्डच्या अक्षरांचं काम भोसरीच्या पुरवठादाराकडे सोमवारी द्यायचं आहे. ‘झुळूक’ची अक्षरं तोवर काढता येतील, उपनावांची मात्र तुमच्या होकाराशिवाय काढता येणार नाहीत. शुक्रवारच्या बैठकीत चारपैकी एखादंच नाव बदलायचं असेल, तर ‘शहर’ बदला. ‘मजल’ आणि ‘झेप’ यांना सुटं करू नका.

— नामकरण आणि मजकूर, एरंडवणे