विषय: ऑर्डर २४१७ – मोरपंखी पैठणीच्या रिफंडबद्दल

नमस्कार वृषालीताई,

तुमचा मेल काल रात्री वाचला, फोटो पण सगळे बघितले. भाचीच्या साखरपुड्यासाठी एवढ्या हौसेने घेतलेली साडी आणि ऐन हॉलमध्ये हिरव्याऐवजी निळीच दिसायला लागली, म्हणजे किती हिरमोड झाला असेल ते कळतंय, माझाही झाला असता. तरी गोल गोल बोलून तुम्हाला ताटकळत ठेवत नाही, स्पष्टच सांगते, या साडीचे १४,५०० रुपये आम्हाला परत करता येणार नाहीत.

आमची पॉलिसी ऑर्डर करताना स्क्रीनवर येते आणि बॉक्समधल्या पिवळ्या कार्डावर पण छापलेली आहे, त्यातली ओळ जशीच्या तशी देते: "साडी मिळाल्यापासून ७ दिवसांत, न नेसलेली असल्यास परत घेतली जाईल. फॉल-पिको झालेली किंवा ब्लाउजपीस कापलेली साडी परत घेतली जाणार नाही."

तुम्हाला साडी ३ ऑक्टोबरला मिळाली आणि मेल आला १९ तारखेला. दिवसांचं एक वेळ मी बघितलं असतं हो, कार्याच्या गडबडीत राहून जातं माणसाचं, पण फॉल लागलाय, ब्लाउज शिवून झालाय, साडी नेसून झालीये, आता ती मी दुसऱ्या कुणाला नवी म्हणून कशी विकणार? सात दिवसांत घडी न मोडता आली असती तर नुसता रंग आवडला नाही म्हणून सुद्धा घेतली असती.

आणि रंगाचं म्हणाल तर साडी बदललेली नाही, तीच आहे. हिचा उभा ताणा निळा आणि आडवा बाणा हिरवा, त्यामुळे उजेड बदलला की रंग बदलतो. सकाळी खिडकीशी नेऊन पदर जरा तिरका धरून बघा, हिरवा वर येईल. आता वेबसाइटवर आम्ही फक्त "धूपछाव" एवढंच लिहिलं होतं, ज्याला माहीत नाही त्याला त्यातून काय कळणार, तेवढं आमचं चुकलं. आजच तिथे उन्हातला आणि ट्यूबलाइटमधला असे दोन्ही फोटो टाकतेय.

एक गोष्ट मात्र आमच्याकडे लागते. तुमच्या तिसऱ्या फोटोत काठाजवळ जरीचा धागा सुटलेला दिसतोय, तुम्ही त्याबद्दल काही लिहिलं नाहीये पण तो विणकामातलाच दोष आहे आणि त्याची दुरुस्ती ६ महिन्यांपर्यंत फुकट असते, फॉल लागलेला असला तरी. कुरियरवाला शुक्रवारी ठाण्याला तुमच्या घरी पाठवू का? जाण्या-येण्याचा खर्च आमचा, साधारण दहा दिवसांत साडी परत येईल. तोवर तो धागा ओढू नका आणि कात्री तर अजिबात लावू नका, एक ओढला की शेजारची जर पण गोळा होते.

शुक्रवार जमत नसेल तर याच मेलवर दुसरा वार कळवा.

तुमची,
मेघना
येवला