आबांची विहीर, आबांचं शेततळं आणि केळीची किती झाडं: टीवायच्या मॉडेलिंगचा प्रोजेक्ट (५० मार्क)

तीन-तीन जणांचे ग्रुप करा, चौथा चालणार नाही. रिपोर्ट २० जानेवारीला हातात पाहिजे, त्याच आठवड्यात प्रत्येक ग्रुपचं दहा मिनिटांचं तोंडी होईल. या प्रोजेक्टला एकच बरोबर उत्तर नाहीये, त्यामुळे "सर उत्तर किती येतं" हे विचारायला केबिनमध्ये येऊ नका. दोन ग्रुपचं उत्तर वेगळं आलं आणि दोघांना पूर्ण मार्क मिळाले असं होऊ शकतं, आणि दोघांचं उत्तर सेम आलं पण एकाला ४२ आणि दुसऱ्याला १९ असंही होऊ शकतं. कसं ते खाली मार्कांच्या भागात लिहिलंय, तो भाग आधी वाचा, मग कामाला लागा.

परिस्थिती

यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला आबांचं ४ एकर शेत आहे. एक विहीर, एक पंप, सगळीकडे ठिबक. पंप तासाला साधारण १८,००० लिटर पाणी टाकतो. शेतीच्या लायनीला वीज दिवसाला ८ तासच असते, एक आठवडा दिवसा तर पुढचा आठवडा रात्री. आबांना येत्या जूनमध्ये मृगबाग लावायचीये, टिश्यू कल्चरची रोपं, ५ बाय ५ फुटांवर. म्हणजे एकरी १७४२ झाडं, ४३,५६० ला २५ ने भागून बघा. लागवडीपासून कटाईपर्यंत अकरा-बारा महिने धरा. म्हणजे पुढच्या एप्रिल-मेमध्ये घड झाडावर असताना ऊन सगळ्यात कडक असणार, पाऱ्याचा आकडा ४५ च्या आसपास जातो ते तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

आबांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत: "दिवाळीले विहीर काठोकाठ राहते अन् मे महिन्यात तिले चुळभर पाणी राहत नाही. पोरगा म्हणते शेततळं करू. शेततळं केलं तर किती झाडं लावू ते सांगा, अन् नाही केलं तर किती ते बी सांगा."

आबांनी मागच्या वर्षी एका वहीत लिहून ठेवलंय की दिवसाला पंप किती तास चालल्यावर पाणी तुटलं. दिवाळीला ८ तास, जानेवारीत ६, मार्चच्या सुरुवातीला ४, एप्रिलच्या मध्याला ३, मेच्या शेवटी २. जूनचं काही लिहिलेलं नाही, तेव्हा त्यांच्याकडे लग्न होतं. दिवाळीच्या ८ तासांकडे जरा नीट बघा, तिथे पाणी संपलं होतं की लाईन गेली होती? वहीत ते नाहीये, तुम्हाला ठरवायचंय.

झाडाला पाणी किती लागतं याचा ठोकळ आकडा: ऐन उन्हाळ्यात मोठ्या झाडाला दिवसाला १५ ते २५ लिटर, हिवाळ्यात त्याच्या अर्ध्याच्या आसपास, लहान रोपाला अजून कमी. उघड्या पाण्यावरून मे महिन्यात दिवसाला १० मिलिमीटर पाणी उडून जातं असं धरून सुरुवात करा, बाकीच्या महिन्यांचा आकडा तुम्ही शोधा आणि कुठून घेतला ते लिहा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर म्हणजे १ लिटर, एवढं लक्षात ठेवलं तर अर्धा प्रोजेक्ट कागदाच्या कोपऱ्यात होतो.

शेततळ्याला प्लास्टिकचा कागद टाकणार आहेत, त्यामुळे झिरपा शून्य धरला तरी चालेल, पण धरलाय म्हणून लिहा. लांबी-रुंदी-खोली तुम्ही ठरवायची. बाजू उभ्या ठेवता येत नाहीत, उतार द्यावा लागतो, म्हणून घनफळाला हे वापरा:

V = (h/3)·(A1 + A2 + √(A1·A2))

यात A1 वरचं क्षेत्रफळ, A2 तळाचं. आणि हो, शेततळं हवेत बांधता येत नाही, त्याला जागा लागते, बांध धरून. त्या जागेवर झाडं नसणार.

काय करायचंय

आबांना दोन आकडे द्यायचेत, शेततळ्यासकट किती झाडं आणि शेततळ्याशिवाय किती. सोबत शेततळ्याचं माप. आणि प्रत्येक आकड्यासोबत हे सांगायचं की काय बदललं तर तो आकडा कोसळेल. फक्त "३१५० झाडं" असं लिहून आणलंत तर आबा विचारतील ३१५१ व्या झाडाने काय घोडं मारलंय, आणि त्यांचं बरोबर असेल.

सुरुवात कुठून करायची हेच कळत नसेल तर रोजचा हिशोब मांडा:

S(t+1) = S(t) + Q(t) − N·d(t) − e(t)·A(t)

S तळ्यातलं पाणी, Q विहिरीतून आलेलं, N झाडं, d एका झाडाची गरज, e बाष्पीभवन, A त्या दिवशीच्या पाण्याच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ. हे एक्सेलमध्ये ३६५ ओळींत होतं. कोणाला पायथॉन वापरायचं असेल तर वापरा, डिफरन्शियल इक्वेशन लावायचं असेल तर लावा, नुसत्या महिन्याच्या सरासरीवर केलं तरी चालेल, पण मग दिवसाच्या ऐवजी महिना का पुरला ते सांगा.

आता खरी गोम. हिवाळ्यात विहिरीला भरपूर पाणी, ते उपसून तळ्यात भरून ठेवलं की झालं, असं पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटेल. पण हिवाळ्यात उपसलेलं पाणी आणि मेमध्ये विहिरीत येणारं पाणी, ही दोन वेगळी पाणी आहेत का? जमिनीखाली ते एकच असेल तर तुम्ही मेचं पाणी डिसेंबरमध्ये खाताय. आणि शेजारच्या पाच जणांनीही शेततळी केली तर? यावल-रावेर पट्ट्यात उपसा किती वाढलाय आणि बोअर किती खोल चाललेत ते घरी कोणालाही विचारा. यावर तुम्ही काय धरता त्यावर तुमचं सगळं उत्तर उभं आहे, त्यामुळे किमान दोन वेगळ्या गोष्टी धरून दोनदा गणित करा.

भाव, बँकेचं कर्ज, वादळात बाग आडवी होणं, कांदेबाग लावली तर काय, हे सगळं घेतलं तरी चालेल, घेतलंच पाहिजे असं नाही. सगळंच घेणारा ग्रुप सहसा काहीच धड पूर्ण करत नाही.

द्यायचं काय: जास्तीत जास्त ६ पानांचा रिपोर्ट, आणि वेगळं १ पान फक्त आबांसाठी. त्या पानावर एकही फॉर्म्युला नको, x-y नको. आबा सातवी शिकलेत पण हिशोबाला पक्के आहेत, तसं लिहा.

मार्क कशाला किती

गृहीतकं: १८ मार्क. मुद्दाम जास्त ठेवलेत. रिपोर्टच्या सुरुवातीला "आम्ही पाऊस नॉर्मल धरला, जमीन सपाट धरली" अशी दहा ओळींची यादी टाकून पुढे तिच्याकडे बघायचंच नाही, ही सवय मोडायचीये. १५ ते १८ हवे असतील तर प्रत्येक गृहीतकाशेजारी तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत, ते का धरलं, ते चुकलं तर उत्तर वर जाईल की खाली, आणि अंदाजे किती. सगळ्या गृहीतकांना सारखी जागा देऊ नका. पंपाचे १८,००० हे १७,५०० असले तर फार फरक नाही पण झाडाचे २० लिटर १५ निघाले तर मेमधला झाडांचा आकडा एक तृतीयांशाने वाढतो, म्हणजे कोणतं नाजूक आहे ते ओळखलंत का हे मी बघणार. जूनची कोरी जागा कशी भरली तेही इथेच मोजलं जाईल. १० ते १४: गृहीतकं स्पष्ट आहेत, कारणं आहेत, पण एखादंच हलवून बघितलंय. ५ ते ९: यादी आहे, कारणं नाहीत, किंवा कारण म्हणून फक्त "सोपं जावं म्हणून" लिहिलंय. सोपं जावं म्हणून धरणं गुन्हा नाही, पण सोपं केल्याने काय गमावलं तेही लिहा. ५ च्या खाली: गृहीतकं गणितात लपलेली, मला शोधावी लागली.

पद्धत: २० मार्क. इथे अवघड गणिताला जास्त मार्क नाहीत. पद्धत प्रश्नाला बसते का, एकक जुळतात का, आणि दुसऱ्या ग्रुपने तुमचा रिपोर्ट वाचून तोच आकडा काढू शकेल का, एवढंच. १७ ते २०: मॉडेल चालतं, शेततळ्यासकट आणि शेततळ्याशिवाय दोन्ही केलंय, विहिरीबद्दल दोन वेगळ्या गोष्टी धरून निकाल ताडून बघितलाय, आणि कुठेतरी हाताने खात्री केलीये. हाताने खात्री म्हणजे कशी, तर ३० बाय ३० मीटरच्या तळ्यावरून मेमध्ये रोज ९,००० लिटर उडतं, ती ४५० झाडांची एका दिवसाची तहान झाली, मग माझ्या एक्सेलमध्ये हा आकडा याच घरातला येतो का? किंवा शेततळं नसताना मेच्या शेवटी २ तास पंप म्हणजे ३६,००० लिटर, २० लिटरने १८०० झाडं, म्हणजे माझ्या मॉडेलने तळ्याशिवाय चारही एकर हिरवे दाखवले तर मॉडेल खोटं बोलतंय. १२ ते १६: बरोबर आहे पण खात्री नाही, किंवा एकच चित्र केलंय. ६ ते ११: लिटर आणि घनमीटर मिसळलेत, किंवा तळ्याने खाल्लेली जागा विसरलात, पण मागचा विचार कळतो. त्याखाली: आकडा आहे, तो आला कुठून ते नाही.

मांडणी: १२ मार्क, त्यातले ७ आबांच्या पानाला आणि ५ रिपोर्टला. आबांचं पान मी आधी वाचणार, रिपोर्ट नंतर. त्या पानावर आकडा पहिल्या तीन ओळींत यायला हवा, मग तो कशावर अवलंबून आहे ते, मग मार्चमध्ये विहिरीकडे बघून बेत बदलायचा की नाही हे कसं ठरवायचं ते. रिपोर्टमध्ये ग्राफ तीनपेक्षा जास्त नको आणि प्रत्येक ग्राफखाली एक वाक्य पाहिजे की यात काय बघायचं. शुद्धलेखनाचे मार्क कापणार नाही, मी स्वतः काय लिहितो ते तुम्ही बघताच आहात. पण "पाणी पुरेसं आहे" असं वाक्य आलं आणि किती दिवस, कोणत्या महिन्यात ते नाही आलं तर कापणार.

तोंडीला वेगळे मार्क नाहीत, पण रिपोर्टमध्ये जे लिहिलंय ते तिघांपैकी कोणालाही विचारेन, आणि उत्तर नाही आलं तर त्या भागाचे मार्क तिघांचे जातील. "ते याने केलंय सर" चालणार नाही.

दुसऱ्या ग्रुपशी बोलायला बंदी नाही. घरच्या शेतावर जाऊन पंपाखाली बादली धरून सेकंद मोजलेत तर अजूनच चांगलं, फक्त तो आकडा आबांच्या पंपाचा नाही हे लिहा. ज्यांच्या घरी शेती नाही त्यांनी गावातल्या ठिबकच्या दुकानात जाऊन शेततळ्याच्या कागदाची चौकशी करावी, तिथले लोक तुमच्यापेक्षा भराभर हिशोब करतात. ग्रुपची नावं आणि विहिरीबद्दल तुम्ही काय धरणार त्याची एक ओळ येत्या शनिवारपर्यंत माझ्या टेबलावर ठेवा. ती ओळ नंतर बदलली तरी चालेल, का बदलली ते रिपोर्टमध्ये लिहा.